शीर्षक-चाचणी: फोनवर कापलेलं नाव क्लिक घालवतं का?

माझी मराठी पाककृतींची एक छोटी वेबसाइट आहे. एका आषाढात मी साबुदाणा वड्याच्या पानाचं लांबलचक शीर्षक छाटून आटोपशीर केलं आणि आठवड्याभरात त्या पानावरचे क्लिक दुपटीच्या वर गेले. मी हरखले. साइट चालवणाऱ्या दोन मैत्रिणींना फोन करून सांगितलं, ‘लांब नावं टाका काढून, फोनवर कापली जातात.’ त्यातली एक थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘अगं, रविवारी एकादशी होती ना?’

एकादशीच होती. शीर्षक तसंच ठेवलं असतं तरी त्या आठवड्यात अख्खा महाराष्ट्र साबुदाणा भिजत घालणारच होता. त्यानंतर हा प्रश्न नीट तपासायला मला बराच काळ लागला, आणि वाटेत मी जवळजवळ प्रत्येक खड्ड्यात पाय घातला. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून ही पद्धत क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं पाककृतींची आहेत. तुमची साइट शेतीची किंवा सरकारी दाखल्यांची असली तरी गूगल सर्चमधल्या शीर्षकासाठी रीत हीच.

काय काय हवं

- गूगल सर्च कन्सोलमध्ये नोंदवलेली स्वतःची साइट, किमान दोन-तीन महिन्यांच्या आकड्यांसह. तिथे १६ महिन्यांचा इतिहास राहतो, त्यामुळे ‘आधीचे’ आकडे बहुतेकांकडे असतातच.
- साधारण सारख्या प्रकारची ३० ते ४० पानं, जी गूगलच्या निकालांत रोज थोडी तरी दिसतात.
- पानाचं `<title>` वेगळं भरता येईल अशी सोय. वर्डप्रेसमध्ये एसईओ प्लगिनचा ‘SEO title’ नावाचा रकाना चालतो.
- एक गूगल शीट आणि दोन वेगवेगळे फोन. त्यातला एक घरातल्या वडीलधाऱ्यांचा असेल तर उत्तम. का, ते पुढे येईलच.
- सुमारे अडीच महिने धीर. तेवढा नसेल तर सुरू करू नका.

१. एका प्रश्नाचे दोन प्रश्न करा

‘लांब, कापलं जाणारं शीर्षक विरुद्ध छोटं, मुख्य शब्द आधी असलेलं शीर्षक’ ही तुलना ऐकायला सरळ वाटते. पण तिच्यात दोन गोष्टी एकदम बदलतात. शीर्षक आखूड होतं, आणि पदार्थाचं नाव शेवटून उचलून सुरुवातीला येतं. क्लिक वाढले तर श्रेय कोणाला द्यायचं, लांबी कमी झाली त्याला की नाव पुढे आलं त्याला?

हा फरक फुकाचा नाही. लांबीमुळे क्लिक जात असतील तर तुम्हाला सगळी शीर्षकं छाटावी लागतील, आणि छाटताना ‘उपवासाचा’, ‘तेल न पिणारा’ असे कामाचे शब्दही जातील. नुकसान फक्त नाव मागे असण्याने होत असेल, तर नाव पुढे आणून बाकीचं आहे तसं ठेवता येतं. शेपूट कापली गेली तर गेली.

म्हणून दोन नव्हे, तीन गट करायचे:

- क: आहे तसंच लांब शीर्षक, पदार्थाचं नाव शेवटी.
- ख: तितकंच लांब, तेच शब्द, पण पदार्थाचं नाव आधी.
- ग: पदार्थाचं नाव आधी आणि एकूण छोटं, फोनवर पूर्ण मावणारं.

‘ख’मधून ‘क’ वजा केला की नाव पुढे आणण्याचा परिणाम कळतो. ‘ग’मधून ‘ख’ वजा केला की फक्त छाटण्याचा. इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक चाचण्या ‘क’ आणि ‘ग’ एवढ्याच करतात आणि सगळं माप लांबीच्या पदरात घालतात.

२. तुमचं शीर्षक नेमकं कुठे कापलं जातं ते मोजा

‘शीर्षक ६० अक्षरांत ठेवा’ हा नियम इंग्रजीतून आला आहे आणि मराठीला तो लागूच पडत नाही. शीटमधल्या LEN ने ‘साबुदाणा’ मोजून बघा. उत्तर ८ येतं, डोळ्यांना अक्षरं दिसतात ४. ‘स्ट्रॉबेरी’चे तर १० होतात, दिसतात ३. संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त सगळं वेगवेगळं मोजतो. गूगलही अक्षरं मोजून कापत नाही. त्याने लांबीची कुठली मर्यादा जाहीर केलेली नाही, पडद्याच्या रुंदीत जेवढं बसेल तेवढं दाखवायचं आणि पुढे तीन टिंबं द्यायची, एवढाच हिशेब आहे. तेव्हा मोजायची ती रुंदी.

संगणकावर क्रोम उघडा, F12 दाबा, ‘Console’मध्ये जा आणि हे चिकटवा. अवतरणांमध्ये तुमची शीर्षकं घाला:

```
const c = document.createElement('canvas').getContext('2d');
c.font = '20px "Noto Sans Devanagari", sans-serif';
['पहिलं शीर्षक', 'दुसरं शीर्षक'].forEach(t =>
  console.log(Math.round(c.measureText(t).width), t));
```

प्रत्येक शीर्षकापुढे पिक्सेलमधली रुंदी येईल. हा आकडा फोनवरच्या खऱ्या रुंदीशी तंतोतंत जुळणार नाही, पण शीर्षकांची आपसात तुलना करायला पुरतो. आता फोनवर खासगी विंडोमध्ये तुमची पाच-सहा अशी पानं शोधा ज्यांची शीर्षकं कापलेली दिसतात. टिंबांच्या आधी जेवढा मजकूर दिसतो तेवढाच त्या कोडमध्ये घालून मोजा. पाच-सहा आकडे आले की त्यातला सगळ्यात लहान तो तुमचा फोनवरचा कट्टा. ‘ग’ची शीर्षकं या कट्ट्याच्या आत बसली पाहिजेत आणि ‘क’, ‘ख’ची स्पष्टपणे बाहेर गेली पाहिजेत. काठावरचं शीर्षक काही फोनवर पूर्ण दिसतं, काहींवर कापलं जातं, आणि मग तुम्ही काय तपासताय ते तुम्हालाच कळत नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. फोनवर शीर्षक बहुधा दोन ओळींत मोडतं, संगणकावर मात्र एका ओळीत संपवलं जातं. त्यामुळे ‘फोनचा पडदा लहान, म्हणून तिथे जास्त कापलं जातं’ हे दरवेळी खरं नसतं. माझी काही शीर्षकं फोनवर पूर्ण होती आणि संगणकावर कापलेली. मी उगीचच फोनला दोष देत होते.

मग सासूबाईंचा फोन घेतला. त्यांनी अक्षरं मोठी करून ठेवली आहेत. माझ्या फोनवर ‘तेल न’पर्यंत येणारं वड्याचं लांब शीर्षक त्यांच्याकडे ‘खुसखुशीत आणि…’ला संपलं. साबुदाणा वड्याचा वडाही नाही आणि साबुदाणाही नाही. पाककृती शोधणाऱ्यांत असे मोठ्या अक्षरांचे फोन किती असतील ते सर्च कन्सोल सांगत नाही, म्हणून कट्टा ठरवताना मी मोठ्या अक्षरांचाच फोन धरते.

३. पानं निवडा आणि त्यांची त्रिकुटं लावा

एका पानाचं शीर्षक बदलून आधी-नंतर बघणं म्हणजे माझा एकादशीचा किस्सा. पानांचे गट हवेत आणि ते एकाच काळात शेजारी-शेजारी चालले पाहिजेत.

सर्च कन्सोलमध्ये ‘Performance’ खाली ‘Search results’ उघडा, शोधाचा प्रकार ‘Web’, ‘Device’ फिल्टर ‘Mobile’, कालावधी शेवटचे २८ दिवस. ‘Pages’च्या यादीतून फार कमी वेळा दिसलेली पानं सोडा. जी पानं सरासरी पंधराव्या-विसाव्या क्रमांकावर आहेत तीही सोडा. तिथपर्यंत कोणी पोचतच नाही, त्यामुळे शीर्षक कसंही असलं तरी फरक दिसणार नाही. निकालांच्या पहिल्या पानावर स्थिर असलेली ३६ पानं मिळाली तर १२ त्रिकुटं होतात. पुढचा हिशेब मी त्यावरच केला आहे.

त्रिकूट लावताना दोन गोष्टी जुळवा: पान किती वेळा दिसतं, आणि त्याला मोसम कोणता. साबुदाणा वडा, वरीचे तांदूळ आणि उपवासाची बटाट्याची भाजी हे एक त्रिकूट. उकडीचे मोदक, तळणीचे मोदक आणि पंचखाद्य हे दुसरं. पोहे, उपमा, घावन हे बारमाही. मोदक आणि पोहे एका त्रिकुटात घातले तर गणपतीत मोदकाचं पान उधळेल आणि तुम्ही ते शीर्षकाच्या नावावर मांडाल.

त्रिकुटातलं कोणतं पान कोणत्या गटात जाईल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. खरोखर चिठ्ठ्या. मी पहिल्यांदा ‘आवडीने’ ठरवलं होतं, आणि ज्या पानांची शीर्षकं मला आधीपासून खुपत होती तीच नेमकी ‘ग’मध्ये गेली. खुपत होती कारण ती पानं तेव्हा मागे पडली होती, आणि मागे पडलेली पानं काही न करताही थोडी वर येतात.

४. शीर्षकं लिहा

वड्याचं उदाहरण घेऊ. तिन्ही रूपं अशी:

- क: आजीच्या हातची चव देणारा, खुसखुशीत आणि अजिबात तेल न पिणारा उपवासाचा साबुदाणा वडा
- ख: साबुदाणा वडा: उपवासाचा, खुसखुशीत, अजिबात तेल न पिणारा आणि आजीच्या हातची चव देणारा
- ग: साबुदाणा वडा: खुसखुशीत, तेल न पिणारा

‘ख’मध्ये नवा शब्द एकही नाही, फक्त क्रम फिरला आहे. हे कटाक्षाने पाळा. फिरवता फिरवता ‘सोपी पद्धत’ किंवा ‘१० मिनिटांत’ असं काही सुचतं आणि हात शिवशिवतो. ते घातलं की तुमची चाचणी ‘१० मिनिटांत’ या शब्दांची झाली. ‘ग’मध्येही आधीच्यातले शब्द गाळायचे, नवे घालायचे नाहीत.

नाव लोक जसं शोधतात तसंच लिहा. सर्च कन्सोलच्या ‘Queries’मध्ये दिसेल की लोक ‘थालीपीठ’ लिहितात तसंच ‘थालिपीठ’ही लिहितात, आणि खूप जण रोमन लिपीतच टंकतात. तिन्ही गटांत एकच रूप आणि एकच लिपी ठेवा. लिपीची चाचणी नंतर कधीतरी वेगळी करा.

शेवटी ‘| माझी साइट’ असं नाव चिकटवलेलं असेल तर ते तिन्ही गटांतून काढा किंवा तिन्हींत ठेवा. माझं मत, काढा. ऑक्टोबर २०२२ पासून फोनवरच्या निकालांत गूगल साइटचं नाव शीर्षकाच्या वर वेगळं दाखवतं, तेव्हा तेच पुन्हा शेवटी लिहून रुंदी वाया का घालवायची?

५. बदल करा, आणि गूगलने खरंच काय दाखवलं ते बघा

बदल फक्त एसईओ शीर्षकाच्या रकान्यात करा. लेखाचं मूळ शीर्षक बदललं तर बऱ्याच थीममध्ये पानावरचा मोठा मथळाही बदलतो, आणि मग बदललेली गोष्ट एक राहत नाही. पानाचा पत्ता तर मुळीच बदलू नका. पत्ता बदलला की सर्च कन्सोल त्याला नवं पान समजतं आणि जुन्या आकड्यांशी तुलना संपते.

सगळी पानं एकाच दिवशी बदला. नंतर ‘URL inspection’मध्ये एकेक पत्ता घालून ‘Request indexing’ दाबा. रोजच्या विनंत्यांना मर्यादा असते, त्यामुळे ‘ख’ आणि ‘ग’ची मिळून २४ पानं एका दिवसात उरकतीलच असं नाही. गूगलने पान पुन्हा वाचायला काही दिवसही लागतात, काही आठवडेही लागू शकतात. पान शेवटचं कधी वाचलं ते तिथेच दिसतं, ती तारीख शीटमध्ये लिहा.

आता सगळ्यात मोठा सापळा. तुम्ही दिलेलं शीर्षक गूगल दाखवेलच असं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलने शीर्षकं ठरवण्याची नवी पद्धत आणली. `<title>` फार लांब, रिकामं किंवा पानाशी न जुळणारं वाटलं तर ते पानावरचा मथळा किंवा दुसरा मजकूर उचलतं. पुढच्याच महिन्यात त्यांनी सांगितलं की सुमारे ८७ टक्के वेळा साइटने दिलेलं शीर्षकच वापरलं जातं. म्हणजे उरलेल्या वेळी नाही. तुमच्या ३६ पानांत अशी चार-पाच निघाली तर आश्चर्य नको.

म्हणून पान पुन्हा वाचलं गेल्यावर प्रत्येक पदार्थ फोनवर शोधा, काय दिसतं त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि शीटमध्ये एक रकाना भरा: ‘माझं शीर्षक पूर्ण’, ‘माझं शीर्षक कापलेलं’ किंवा ‘गूगलचं वेगळं’. कंटाळवाणं काम आहे, दोन संध्याकाळी जातात. पण याशिवाय पुढचे आकडे आंधळे आहेत. पाककृतीवाल्यांसाठी आणखी एक: काही शोधांत तुमचं पान फोटोच्या कार्डावर येतं, आणि त्या कार्डावरचं नाव तुमच्या `<title>`मधलंच असेल असं नाही. तिथे तुमच्या छाटणीचा उपयोग नाही.

ज्या पानांचं शीर्षक गूगलने बदललं ती हिशेबातून काढून टाकावीशी वाटतील. मुख्य हिशेबातून काढू नका. गूगल लांब शीर्षकं जास्त बदलतं. ती काढली तर ‘क’ आणि ‘ख’मधली निवडक पानंच उरतील, ‘ग’ मात्र पूर्ण राहील. आधी सगळी धरून हिशेब करा. मग ज्या त्रिकुटात असं एकही पान आहे ते त्रिकूटच बाजूला ठेवून दुसरा हिशेब करा. दोन्ही उत्तरं एकाच दिशेला असतील तर ठीक.

६. कॅलेंडर आखा

बदलाआधीचे २८ दिवस, मग १४ दिवस मोकळे, मग नंतरचे २८ दिवस. मधले १४ गूगलने पानं पुन्हा वाचावीत म्हणून, ते कुठल्याच बाजूला मोजायचे नाहीत. २८ दिवस यासाठी की त्यात चार पूर्ण आठवडे आणि चार रविवार बसतात. आपल्याकडे पाककृतींचा शोध रविवारी वेगळा चालतो.

तुलनेसाठी मागच्या वर्षीच्या त्याच तारखा घेण्याचा मोह होईल. आपले सण त्या तारखांना बांधलेले नाहीत. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला गेली. गणेश चतुर्थीही २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरवर. जुलैची जुलैशी तुलना केली तर एका बाजूला एकादशी महिन्याच्या सुरुवातीला आणि दुसऱ्या बाजूला शेवटाकडे असेल. म्हणूनच आपली तुलना वर्षाशी नाही, शेजारच्या गटाशी आहे.

या अडीच महिन्यांत त्या ३६ पानांवर काही करू नका. नवे फोटो नकोत, मजकुराची डागडुजी नको, थीम बदलणं तर नकोच.

७. आकडे काढा

सर्च कन्सोलमध्ये ताजे आकडे दोन-तीन दिवस मागे असतात, म्हणून २८ दिवस संपल्यावर आणखी चार दिवस थांबा. मग फिल्टर ‘Mobile’ ठेवून ‘Date’मध्ये ‘Compare’ निवडा, दोन्ही कालावधी घाला आणि ‘Pages’ची यादी शीटमध्ये निर्यात करा. प्रत्येक पानापुढे गट आणि त्रिकुटाचा क्रमांक लिहा.

शोधशब्दाचा फिल्टर लावू नका. फार कमी लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी दाखवत नाही, आणि शब्दाचा फिल्टर लावला की ते सगळे गळतात. लांबलचक मराठी शोधांत ही गळती मोठी असते.

गटाचं प्रमाण काढताना पानांच्या टक्केवारींची सरासरी घेऊ नका. गटाचे एकूण क्लिक भागिले गटाचं एकूण दिसणं, एवढंच. आणि सरासरी क्रमांकाचा रकाना डोळ्यांसमोर ठेवा. एखादं पान या काळात सहाव्यावरून तिसऱ्यावर आलं असेल तर त्याचे क्लिक शीर्षकाशिवायही वाढतील. अशा पानाचं अख्खं त्रिकूट बाजूला ठेवा, एकटं पान नाही.

८. हिशेब करा

आकडे समजुतीसाठी घेते आहे, गोल आणि सोपे. समजा फोनवरचे एकूण आकडे असे आले:

| गट | आधी: दिसणं / क्लिक | नंतर: दिसणं / क्लिक | वाढ |
|---|---|---|---|
| क | २३,००० / ९४३ = ४.१% | २५,००० / १,१०० = ४.४% | ०.३ |
| ख | २४,००० / ९६० = ४.०% | २६,००० / १,२२२ = ४.७% | ०.७ |
| ग | २२,००० / ९०२ = ४.१% | २४,००० / १,१५२ = ४.८% | ०.७ |

‘ग’ची ०.७ ची वाढ बघून ‘छाटल्याचा फायदा झाला’ म्हणणं सोपं आहे. पण काहीच न बदललेला ‘क’सुद्धा ०.३ ने वाढला. तो मोसमाचा हात. तो वजा केला की ‘ख’ आणि ‘ग’ दोघांनाही ०.४ उरतात. आणि ‘ग’मधून ‘ख’ वजा केला तर शून्य. या समजुतीच्या आकड्यांत जे काही मिळालं ते पदार्थाचं नाव पुढे आणल्याने, छाटून वेगळं काही हाती आलं नाही.

पण ०.४ तरी खरे आहेत की नुसतं हेलकावणं? प्रत्येक टक्केवारीला स्वतःचा डोल असतो. शीटमध्ये A रकान्यात दिसणं आणि B मध्ये % चिन्हासह टक्केवारी असेल तर:

```
=SQRT(B2*(1-B2)/A2)
```

‘क’ आणि ‘ख’चे आधी-नंतरचे चार आकडे C2 ते C5 मध्ये आले की एकत्र डोल:

```
=SQRT(SUMSQ(C2:C5))
```

वरच्या आकड्यांना तो ०.२६ टक्के-बिंदू येतो. फरक याच्या दुपटीहून, म्हणजे साधारण ०.५ हून मोठा असला तरच मी त्याला फरक म्हणते. ०.४ त्यात बसत नाही. चक्क अडीच महिने घालवून उत्तर ‘अजून माहीत नाही’. खरा डोल तर याहून थोडा जास्तच असतो, कारण पानं एकसारखी वागत नाहीत.

दुसऱ्या बाजूनेही बघा. प्रत्येक त्रिकुटात ‘ख’ची वाढ ‘क’हून जास्त आहे का, हो किंवा नाही, एवढंच मोजा. फरकच नसता तर हे नाणं उडवण्यासारखं असतं. १२ वेळा नाणं उडवून एकाच बाजूला १० किंवा जास्त वेळा पडणं शंभरात सुमारे चारदा घडतं, ९ किंवा जास्त मात्र शंभरात पंधराएकदा. म्हणून १२ पैकी १० त्रिकुटं एका बाजूला असतील तर मी कान टवकारते, ९ असतील तर नाही. या मोजणीत मोदकाच्या प्रचंड पानाला आणि घावनाच्या छोट्या पानाला सारखंच मत मिळतं, त्यामुळे एकाच मोठ्या पानाने निकाल ओढून नेला असेल तर तो इथे उघडा पडतो.

लहान साइटवाल्यांनी आधीच एक आकडा बघून घ्या. ४ टक्क्यांवरून ४.५ झालेलं दोन गटांत खात्रीने ओळखायला प्रत्येक गटात साधारण २५,००० वेळा दिसणं लागतं. ४ वरून ५ झालेलं ओळखायला सुमारे ७,००० पुरतं. आधी-नंतरची वजाबाकी केली की याच्या दुपटीच्या आसपास जावं लागतं. तुमची सगळी पानं मिळून महिन्यात दोन-तीन हजार वेळाच दिसत असतील तर ही चाचणी करू नका. पदार्थाचं नाव पुढे आणा आणि दुसऱ्या कामाला लागा. त्यात गमावण्यासारखं फारसं नाही.

९. गट फिरवा आणि पुन्हा चालवा

निकाल काठावर असेल तर तीच चाचणी नुसती लांबवण्यापेक्षा गट फिरवणं बरं. ‘क’ची पानं ‘ख’च्या शीर्षकांवर, ‘ख’ची ‘ग’वर आणि ‘ग’ची परत मूळ लांब शीर्षकांवर. शेवटची उडी जीवावर येते, विशेषतः ते पान छान चाललं असेल तर. पण चांगलं शीर्षक काढून घेतल्यावर पान खाली आलं, तर तो पुरावा चढण्याइतकाच वजनदार असतो, आणि अमुक गटात मुळातच लोकप्रिय पदार्थ गेले होते ही शंकाही मिटते. पुन्हा १४ दिवस मोकळे, पुन्हा २८ दिवस, पुन्हा स्क्रीनशॉट. दोन्ही फेऱ्यांतली त्रिकुटं एकत्र मोजा, २४ होतील.

दुसऱ्या फेरीची तारीख ठरवताना पंचांग उघडा. श्रावण आणि गणपती एकदम २८ दिवसांत येत असतील तर पुढे ढकला. दिवाळीच्या फराळाचे दिवस तर मी पूर्ण टाळते. चकलीच्या पानाचा आलेख तेव्हा असा चढतो की शेजारची सगळी पानं सपाट रेघ वाटायला लागतात, आणि त्या दिवसांत स्क्रीनशॉट काढत बसायला मला तरी कुठे वेळ असतो.